सकाळी पास, चारला फेल : सॉल्व्हंटमधलं पाणी मोजताना

गेल्या पावसाळ्यात कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याच्या लॅबमध्ये दुपारी चारला प्लांटचे ऑपरेटर मामा दारात उभे राहिले. हातात दोन स्लिपा. "मॅडम, ड्रम त्योच, नंबर त्योच. सकाळी शून्य पॉइंट शून्य नऊ, पास. आता शून्य पॉइंट अकरा, फेल. ड्रमात पाऊस पडला व्हय?"

ड्रम शेडमध्ये झाकलेला होता, त्यामुळे पाऊस काही पडला नव्हता. पण पाणी कुठून तरी आलं होतं, आणि ते ड्रममध्ये आलं नव्हतं हे दाखवायला मला पुढचा तास लागला. तो तास कसा गेला हे सांगता सांगताच केएफ, म्हणजे कार्ल फिशर टायट्रेशन, पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांना पायरी-पायरीने समजावते. उदाहरण एकच घेते : हळदीच्या अर्काच्या कामातून परत मिळवलेलं इथाइल अ‍ॅसिटेट. सांगली-मिरजेकडच्या लॅबमध्ये हा नमुना कधी ना कधी समोर येतोच.

पाणी येतं कुठून आणि मोजायचं कसं

हळदीतून अर्क काढून झाला की सॉल्व्हंट उकळून, थंड करून परत मिळवतात. इथाइल अ‍ॅसिटेटची अडचण अशी की ते पाण्याला सोबत घेऊनच उकळतं. दोघांचं मिश्रण साधारण ७०.४ अंश सेल्सियसला एकत्र वर येतं आणि त्या वाफेत जवळजवळ ८ टक्के पाणी असतं. थंड झाल्यावर सॉल्व्हंटमध्ये फक्त ३ टक्क्यांच्या आसपास पाणी विरघळून राहू शकतं. बाकीचं खाली वेगळा थर करून बसतं, ते काढून टाकता येतं. विरघळलेलं ३ टक्के मात्र डोळ्यांना दिसत नाही. ते मॉलिक्युलर सीव्हच्या कॉलममधून काढावं लागतं, आणि कॉलमने काम केलं की नाही हे लॅबने सांगायचं असतं. आमची घरची मर्यादा ०.१० टक्का.

हे वजन करून कळत नाही, कारण ओव्हनमध्ये ठेवलं तर पाण्याआधी सॉल्व्हंटच उडून जातं. गॅस क्रोमॅटोग्राफीच्या नेहमीच्या एफआयडी डिटेक्टरला पाणी दिसतच नाही. म्हणून आयोडीन.

आयोडीन आणि सल्फर डायऑक्साइड एकमेकांवर क्रिया करायला पाणी लागतं, ही गोष्ट कार्ल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३५ साली पाणी मोजण्यासाठी वापरली. मिथेनॉल आणि एखादा बेस सोबत असला की हिशोब एकास एक बसतो : पाण्याच्या एका रेणूमागे आयोडीनचा एक रेणू खर्च होतो. फिशरने बेस म्हणून पिरिडिन घेतलं होतं. त्याचा वास ज्यांनी घेतलाय ते विसरलेले नाहीत. आताच्या बहुतेक बाटल्यांमध्ये त्याऐवजी इमिडाझोल असतं.

```
CH3OH + SO2 + RN → [RNH]SO3CH3
[RNH]SO3CH3 + I2 + H2O + 2RN → [RNH]SO4CH3 + 2[RNH]I
```

RN म्हणजे तो बेस. दुसऱ्या ओळीतलं पाणी संपलं की आयोडीनला खर्च व्हायला जागा उरत नाही आणि ते द्रावणात मोकळं राहतं. शेवट ओळखायचा तो इथेच. भांड्यात प्लॅटिनमच्या दोन पिनांचा इलेक्ट्रोड असतो आणि त्यातून अगदी थोडा, ठरावीक करंट जात असतो. पाणी असेपर्यंत पिनांमधलं व्होल्टेज काही शे मिलिव्होल्ट असतं. मोकळं आयोडीन आलं की ते एकदम शंभरच्या खाली उतरतं. नमुना पिवळसर असला तरी फरक पडत नाही, कारण रंग आपण बघत नाही. तरी डोळे भांड्यावर असू द्यावेत. शेवटी द्रावण फिकट पिवळं दिसायला हवं. गडद तपकिरी झालं असेल तर आयोडीन जास्त गेलंय आणि इलेक्ट्रोडने ते वेळेवर सांगितलेलं नाही. बहुतेक वेळा पिनांवर थर बसलेला असतो. आधी मिथेनॉलने धुऊन बघावं, तेवढ्यावर भागलं नाही तर अ‍ॅल्युमिनाच्या बारीक भुकटीने हलकेच घासून परत धुवावं.

मांडणी, आणि बाटलीची निवड

भांडं १०० मिलीचं, ब्युरेट ५ मिलीची, खाली मॅग्नेटिक स्टरर. भांड्यात ४० मिली कोरडं मिथेनॉल घालायचं, म्हणजे स्टरर फिरताना पिना पूर्ण बुडालेल्या राहतात. रिएजंट एक-घटकी घ्यावा. त्यात आयोडीन, सल्फर डायऑक्साइड आणि बेस एकाच बाटलीत असतात.

बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. आमच्या स्टोअरमध्ये कायम ५ ताकदीची, म्हणजे एका मिलीत ५ मिग्रॅ पाणी पकडणारी, पडलेली असायची आणि सगळ्या कामांना तीच वापरली जायची. ओल्या पावडरींना ती बरी. पण आपल्या नमुन्यात साडेचार ग्रॅमला चार मिग्रॅच पाणी आहे. ५ ताकदीच्या बाटलीतलं जेमतेम ०.८ मिली खर्च होईल, आणि एवढ्याशा वाचनात ब्युरेटची लहानशी चूकही मोठी दिसेल. २ ताकदीच्या बाटलीतलं दोन मिली लागेल, म्हणजे ब्युरेटच्या मधल्या भागात काम होईल. खरेदी विभागाशी एकदा भांडून ती मागवून घ्यावी.

पाणी याहून खूपच कमी असेल, म्हणजे टोल्युइनमध्ये ५०-१०० पीपीएम वगैरे, तर ब्युरेटच सोडून द्यावी. तिथे कुलोमेट्रिक यंत्र लागतं. ते आयोडीन भांड्यातच विजेने तयार करतं आणि एक मिग्रॅ पाण्यामागे १०.७१ कुलोम वीज मोजतं. ते यंत्र वेगळं, त्याची पथ्यं वेगळी, इथे त्याच्यात शिरत नाही.

भांड्याला बाहेरच्या हवेशी जोडणारी प्रत्येक वाट, म्हणजे भांड्याचा व्हेंट, रिएजंटची बाटली आणि मिथेनॉलची बाटली, यांवर सुकवणारी नळी असते. तिच्यात मॉलिक्युलर सीव्ह किंवा रंग बदलणारं सिलिका जेल भरतात. ते कधी बदललं याची तारीख नळीवरच चिकटवून ठेवा. जून ते सप्टेंबर आम्ही दर सोमवारी बदलतो, उरलेल्या वर्षात महिन्याने. सोमवार का, याला शास्त्रीय कारण नाही. त्या दिवशी आठवण राहते एवढंच.

ड्रिफ्ट : आधी भांडं कोरडं

मिथेनॉल कितीही कोरडं म्हणून आणलं तरी त्यात थोडं पाणी असतंच, भांड्याच्या भिंतींवरही असतं. म्हणून नमुना घालण्याआधी यंत्राला रिकाम्या मिथेनॉलवरच चालवायचं. ते आतलं सगळं पाणी संपवतं आणि मग तसंच राखत बसतं. राखण्यासाठी दर मिनिटाला जेवढं पाणी मारावं लागतं त्याला ड्रिफ्ट म्हणतात. स्क्रीनवर तो मायक्रोग्रॅम प्रति मिनिट असा दिसतो. आम्ही २० च्या खाली स्थिर झाल्याशिवाय पुढे जात नाही. चांगल्या दिवशी तो १० ते १२ असतो.

नवी मुलं इथे घाई करतात. आकडा ६० दिसतो, 'यंत्र वजा करतंय की' असं म्हणून नमुना घालून मोकळी होतात. हिशोब करून बघा. टायट्रेशन अडीच मिनिटं चाललं तर ६० च्या ड्रिफ्टचे १५० मायक्रोग्रॅम होतात. नमुन्यात साधारण ३,९०० मायक्रोग्रॅम आहेत, म्हणजे जवळजवळ ४ टक्के वजाबाकीवरच टांगलेले. शिवाय ड्रिफ्ट तेवढाच राहील याची खात्री कोण देणार? १२ च्या ड्रिफ्टला हीच वजाबाकी ३० मायक्रोग्रॅमची, म्हणजे एक टक्क्याच्याही आत.

ड्रिफ्ट उतरत नसेल तर कारण त्याच्या वागण्यावरून कळतं. भांडं हळूच गोल हलवून भिंती धुतल्या की आकडा क्षणभर वर जाऊन खाली येत असेल, तर भिंतींवर दमट थेंब होते. दोनदा-तीनदा हलवा, सुटेल. तासाभरानंतरही त्याच आकड्यावर चिकटून बसला असेल तर हवा आत येतेय. सुई जिथून आत घालतो त्या रबरी सेप्टमला बऱ्याच सुया टोचल्या असतील, एखादा जॉइंट नीट बसला नसेल, किंवा जेल मेलेलं असेल. आणि रिकाम्या भांड्यात आकडा चांगला, पण नमुना घातल्यावर वाढला आणि वाढलेलाच राहिला, तर दोष भांड्याचा नाही. नमुनाच मिथेनॉलशी काहीतरी करतोय.

या तिसऱ्या प्रकाराचं नेहमीचं उदाहरण अ‍ॅसिटोन. अ‍ॅसिटोन आणि मिथेनॉल मिळून किटाल बनतं आणि त्यात नवं पाणी तयार होतं. तुम्ही मारत राहता, ते बनत राहतं, शेवट काही येत नाही. त्यासाठी मिथेनॉल नसलेले, कीटोनसाठीचे वेगळे रिएजंट मिळतात. आमच्याकडे एकदा अ‍ॅसिटोनचा ड्रम मिथेनॉलमध्ये चालवून 'पाणी फार आहे' म्हणून परत पाठवायची तयारी झाली होती. पुरवठादाराने चिडून विचारलं, मिथेनॉलमध्ये लावलं का? तो बरोबर होता. इथाइल अ‍ॅसिटेटला हा त्रास नाही, ते मिथेनॉलमध्ये निमूट विरघळतं.

फॅक्टर काढणं

बाटलीवर २ लिहिलेलं असतं, पण उघडल्या दिवसापासून ताकद कमी होत जाते. म्हणून रोज सकाळी फॅक्टर काढायचा. जुन्या पद्धतीत सोडियम टार्ट्रेट डायहायड्रेट वापरतात. त्यात १५.६६ टक्के पाणी असतं आणि ते तोलायला सोपं असतं. पण ती पावडर आत टाकायला भांड्याचं बूच काढावं लागतं. ते विरघळायलाही वेळ घेतं, आणि मिथेनॉलमध्ये दोन-तीन वेळा घातल्यावर पुढचं विरघळेनासं होतं. पावसाळ्यात मी तरी सीलबंद काचेच्या अँप्युलमधलं द्रव स्टँडर्ड घेते. त्यात एका ग्रॅमला सुमारे १० मिग्रॅ पाणी असतं. नेमका आकडा प्रमाणपत्रावर असतो, आमच्या अँप्युलचा १०.०२ होता.

अँप्युल फोडली की थोडंसं सिरिंजमध्ये ओढून ती खंगाळून टाकायची. मग उरलेलं ओढायचं, सुई पुसायची, सिरिंज तोलायची, सेप्टममधून सोडायचं, परत तोलायची. दोन वजनांमधला फरक म्हणजे आत गेलेला माल. त्या दिवशी सकाळी तीन वाचनं अशी आली. मिली ड्रिफ्ट वजा करून लिहिलेले आहेत.

```
०.८१२५ ग्रॅम × १०.०२ = ८.१४१३ मिग्रॅ ÷ ४.१९४ मिली = १.९४१२
०.७७६४ ग्रॅम × १०.०२ = ७.७७९५ मिग्रॅ ÷ ४.०१५ मिली = १.९३७६
०.८४०२ ग्रॅम × १०.०२ = ८.४१८८ मिग्रॅ ÷ ४.३३३ मिली = १.९४२९
सरासरी फॅक्टर = १.९४०६ मिग्रॅ प्रति मिली
```

तिन्ही अर्ध्या टक्क्याच्या आत आहेत, चालतं. एखादं बाहेर पडलं तर सरासरीत दडवू नका, चौथं आणि पाचवं करा.

नमुना

नमुन्याची बाटली काचेची हवी. ती १०५ अंशांवर ओव्हनमध्ये सुकवून डेसिकेटरमध्ये थंड केलेली असावी. ड्रममधून घेतल्यावर ती मानेपर्यंत भरायची आणि लगेच बूच लावायचं. ड्रम रात्रभर गार शेडमध्ये असेल आणि बाहेर दमट हवा असेल तर झाकणाच्या कडेला दव धरतं. ते आधी पुसून घ्या, नाहीतर थेंब आत पडतो. ड्रमच्या तळाशी पाण्याचा थर दिसत असेल तर केएफ लावण्यात अर्थ नाही. कॉलमवाल्यालाच बोलवा.

लॅबमध्ये १० मिलीची काचेची सिरिंज घ्या, लांब सुईची. नमुन्यानेच तीनदा खंगाळा. पाच मिली ओढा, म्हणजे साडेचार ग्रॅम भरेल, कारण इथाइल अ‍ॅसिटेटची घनता ०.९० आहे. सिरिंज उभी धरून हवेचा बुडबुडा काढून टाका. सुईच्या टोकावर रबराचा तुकडा खोचून तोला. सेप्टममधून सोडताना सुई द्रावणाच्या वर पण भिंतीपासून दूर ठेवा. सोडून झाल्यावर दांडा किंचित मागे ओढा, म्हणजे टोकावरचा थेंब परत आत येईल. तोच रबराचा तुकडा खोचून परत तोला. रबर आधी लावला आणि नंतर विसरला, तर रबराचं वजन नमुन्यात जमा होतं. हसू नका, मी स्वतः केलंय.

सकाळची पहिली नोंद अशी होती. आधीचं वजन ३१.४३८६, नंतरचं २६.९२७१, नमुना ४.५११५ ग्रॅम. रिएजंट २.०१२ मिली, वेळ अडीच मिनिटं, ड्रिफ्ट १२.

```
२.०१२ × १.९४०६           = ३.९०४५ मिग्रॅ
वजा ड्रिफ्ट २.५ × ०.०१२   = ०.०३०० मिग्रॅ
नमुन्यातलं पाणी           = ३.८७४५ मिग्रॅ
३.८७४५ ÷ ४५११.५ × १००     = ०.०८५९ टक्के
```

दुसऱ्यात ४.६०३२ ग्रॅमला २.०६१ मिली लागले, ०.०८६२ टक्के. तिसऱ्यात ४.४२७० ग्रॅमला १.९६८ मिली, ०.०८५६. सरासरी ०.०८५९. यंत्र ड्रिफ्ट आपोआप वजा करत असेल तर तुम्ही हाताने परत वजा करू नका. एकदा सेटिंग उघडून ते काय करतं ते बघून घ्या.

तीन नमुन्यांनंतर भांडं रिकामं करून नवं मिथेनॉल घ्यायचं. मिथेनॉल या क्रियेत नुसतं पातळ करायला नाही, ते स्वतः भाग घेतं. सॉल्व्हंटची भर पडत जाऊन त्याचं प्रमाण फार खाली गेलं की हिशोब एकास एक राहत नाही.

मग चारला काय झालं

दुपारचं काम नव्या मुलाने केलं होतं. वर्कशीट व्यवस्थित, फॅक्टर सकाळचाच, ड्रिफ्ट १४. नमुना ४.५ ग्रॅम, पाणी ४.९५ मिग्रॅ, म्हणजे ०.११० टक्के. हिशोबात चूक नव्हती. त्याला विचारलं, "नमुना कसा घातलास रे?" म्हणाला, "सिरिंजची सुई चोंदली होती मॅडम. पिपेटने घातला. बूच काढलं आणि लगेच लावलं, दोन सेकंदांत."

दोन सेकंद. आता हवेचा हिशोब बघा. लॅबमध्ये २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता होती. अशा हवेच्या एका लिटरमध्ये साधारण २३ मिग्रॅ पाणी असतं. शंभर मिलीच्या भांड्यात चाळीस मिली मिथेनॉल, वर साठ मिली मोकळी जागा. ती कोरडी हवा जाऊन बाहेरची आली तर १.४ मिग्रॅ पाणी आत आलं. दुपारच्या वाचनात सकाळपेक्षा जास्त होतं ते १.०८ मिग्रॅ. त्याला ४७ मिली हवा पुरते, चहाच्या छोट्या कपात मावेल एवढी.

ड्रिफ्टच्या वजाबाकीत हे का सापडलं नाही? कारण ड्रिफ्ट बूच लावलेल्या भांड्यात मोजलेला होता. तो हळूहळू झिरपणाऱ्या पाण्याचा हिशोब ठेवतो. एकदम आत आलेल्या पाण्याबद्दल त्याला काही माहीत नसतं.

पण हा माझा अंदाज झाला. मामांना अंदाज दाखवून चालत नाही, बॅच अडकलेली असते. अशा वेळी एक साधी तपासणी करते आणि ती प्रत्येक नव्या माणसाला शिकवते. त्याच पद्धतीने, मुद्दाम बूच काढूनच, पण दुप्पट नमुना घालायचा. पाणी नमुन्यातलंच असेल तर दुप्पट नमुन्यात दुप्पट पाणी येईल आणि टक्का तोच राहील. बाहेरून येत असेल तर ते नमुन्याच्या वजनाकडे बघून येत नाही. दर वेळी साधारण तेवढंच येतं, आणि टक्का घसरतो.

```
४.५ ग्रॅम → ४.९५ मिग्रॅ → ०.११० टक्के
९.० ग्रॅम → ८.८२ मिग्रॅ → ०.०९८ टक्के
फरक : ४.५ ग्रॅम → ३.८७ मिग्रॅ → ०.०८६ टक्के
```

टक्का घसरला. शिवाय वजाबाकी केली की दोन्हीकडचं सारखं बाहेरचं पाणी कटून जातं आणि उरतो तो सॉल्व्हंटचा खरा आकडा, ०.०८६. सकाळचाच. हा वजाबाकीचा आकडा रिपोर्टला मात्र लावत नाही. बूच काढल्यावर दर वेळी तेवढीच हवा आत जाईल असं काही बंधन नाही, त्यामुळे तो निदानापुरताच. रिपोर्टसाठी नवी सिरिंज काढून सेप्टममधून तीन वाचनं परत घेतली, आणि ती सकाळच्या आकड्यांच्या जोडीला बसली.

याच्या उलटही होतं. नमुना दुप्पट केला तरी टक्का तोच, पण तुम्हाला तो खरा वाटत नाही. म्हणजे बाहेरचं पाणी नाही, नमुनाच आयोडीन खातोय किंवा फॅक्टर चुकलाय अशी शंका आहे. तेव्हा दुप्पट नमुना काही सांगू शकत नाही, कारण या चुका वजनाबरोबरच वाढतात. फॅक्टरच्या शंकेवर उपाय असा : नमुना मारून झालेल्या त्याच द्रावणात माहीत असलेलं पाणी घालायचं. मी अँप्युलचं ०.४१०६ ग्रॅम घातलं, म्हणजे ४.११४ मिग्रॅ पाणी. दोन मिनिटांत २.११३ मिली लागले. ड्रिफ्ट वजा जाऊन ४.०७६ मिग्रॅ, म्हणजे ९९.१ टक्के परत मिळाले. आम्ही ९७ ते १०३ स्वीकारतो. नमुना आयोडीन खात असेल तर बहुधा शेवट टिकत नाही आणि ड्रिफ्ट वाढलेला राहतो. ते वर सांगितलंच.

रिपोर्टवर काय लिहायचं

वर्कशीटवर दोन्ही वजनं, मिली, वेळ, ड्रिफ्ट, फॅक्टर आणि त्याची तीन वाचनं, अँप्युलचा लॉट नंबर, रिएजंट उघडल्याची तारीख, आणि लॅबचं तापमान-आर्द्रता. शेवटचं आमच्या फॉर्मात नव्हतं, त्या दिवसानंतर घातलं. चारचं वाचन खोडून टाकायचं नाही. एक आडवी रेघ, सही, तारीख आणि कारण : 'नमुना उघड्या भांड्यातून घातला, दुप्पट-नमुना तपासणीत बाहेरचं पाणी दिसलं, म्हणून रद्द.' ज्या मुलाने केलं त्यानेच लिहिलं. मी फक्त खाली सही केली.

निकाल मर्यादेइतक्याच दशांश स्थळांपर्यंत लिहायचा. मर्यादा ०.१० आहे, म्हणून ०.०८५९ चं ०.०९ होतं. या नियमाने उद्या ०.१०४ आलं तर ते ०.१० होऊन पास ठरेल आणि ०.१०५ आलं तर ०.११ होऊन फेल. प्लांटवाले यावर हमखास वाद घालतात. म्हणून तो नियम लेखी पद्धतीत आधीच लिहिलेला असावा, वाद सुरू झाल्यावर नव्हे.

भांड्यातलं वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही. त्यात मिथेनॉल आहे, आयोडीनची संयुगं आहेत आणि सल्फर डायऑक्साइडचा उग्र वास आहे. फ्यूम हूडमध्ये ठेवलेल्या सॉल्व्हंट वेस्टच्या कॅनमध्ये ते जातं, हातमोजे घालून.

मामा साडेपाचला नवी स्लिप घेऊन गेले. जाताना भांड्याच्या बुचाकडे बघून म्हणाले, "म्हंजे आमच्या ड्रमावर झाकण असतंय, तुमच्याच भांड्यावर नव्हतं." नवा मुलगा तेव्हा चोंदलेली सुई तारेने साफ करत होता. त्याने मान वर केली नाही.